लंडन, लंडन? आणि लंडन… : इंग्रजी वाक्याचा सूर

इंग्रजी बोलताना आवाज वाक्यभर वरखाली होत असतो. या चढउताराला सुरावली म्हणतात. शब्द तेच, त्यांचा क्रमही तोच. पण शेवटी आवाज खाली उतरला तर ते विधान होते, वर चढला तर प्रश्न होतो, आणि खाली येऊन पुन्हा किंचित वर वळला तर बोलणाऱ्याने काहीतरी हातचे राखले आहे हे ऐकणाऱ्याला उमगते. लिहिलेल्या इंग्रजीत यातले फार थोडे उतरते. प्रश्नचिन्हाने प्रश्न दाखवता येतो, पण शंका, आडपडदा किंवा अर्धवट होकार दाखवणारे चिन्ह लिपीत नाही. इंग्रजी आधी पुस्तकांतून आणि मग कानांनी शिकणाऱ्याला भाषेचा हा भाग बहुधा कुणी शिकवलेलाच नसतो.

बोलण्यातला सूर तयार होतो गळ्यातल्या स्वरयंत्रात. फुप्फुसांतून येणाऱ्या हवेने दोन स्वरतंतू थरथरतात. ते ताणले की थरथर वाढते आणि आवाज उंच होतो, सैल सोडले की आवाज खाली येतो. साधारण बोलताना प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभर ते सव्वाशे वेळा कंप पावतात, स्त्रीचे दोनशेच्या आसपास, आणि लहान मुलाचे त्याहूनही जास्त. असे असूनही लहान मुलाचे साधे विधान कुणाला प्रश्न वाटत नाही. ऐकणारा आवाजाची निव्वळ उंची मोजत बसत नाही. त्या माणसाच्या नेहमीच्या पट्टीच्या मानाने आवाज कुठे आहे आणि कोणत्या दिशेला चालला आहे, एवढेच तो टिपतो. त्यामुळे एकच सुरावली घोगऱ्या आवाजाच्या आजोबांना आणि किनऱ्या आवाजाच्या नातीला सारखीच वापरता येते.

इंग्रजी बोलण्याला असा सूर असतो हे सर्वांना एकदम पटले नव्हते. इंग्रजी बोलण्यात जोर-ठोक आहे, चाल नाही, असे अठराव्या शतकात मानणारे विद्वान होते. त्यांना उत्तर म्हणून जोशुआ स्टील यांनी १७७५ मध्ये लंडनमध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वतःच्या बोलण्याचे सूर ते एका मोठ्या तंतुवाद्यावर बोट सरकवत शोधत आणि वाक्यावर चढत्या-उतरत्या रेषा आखत. ध्वनिमुद्रणाचा शोध लागण्याच्या शंभर वर्षे आधी कानाने केलेले हे काम आजही थक्क करते. पुढे विसाव्या शतकात हॅरल्ड पामर, डॅनियल जोन्स, ओकॉनर आणि आर्नल्ड यांच्यासारख्या ब्रिटिश अभ्यासकांनी परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवता शिकवता या विषयाची पद्धतशीर मांडणी केली. पुढचे विवेचन मुख्यतः याच परंपरेला धरून आहे आणि ते दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण बोलीला लागू पडते. इतर बोलींची गोष्ट शेवटी येईल.

वाक्यात आवाज अनेकदा हलतो, पण अर्थ ठरवणारे मुख्य वळण एकाच अक्षरावर सुरू होते. त्या अक्षराला केंद्र म्हणू. ‘ही इज गोइंग टु लंडन’ हे वाक्य घेतले, तर साध्या बोलण्यात केंद्र असते ‘लंडन’मधल्या ‘लं’वर. सर्वसाधारण नियम असा, की वाक्यातल्या शेवटच्या अर्थवाही शब्दाचे आघातयुक्त अक्षर हे केंद्र. ‘इज’, ‘टु’ असे जोडकाम करणारे शब्द सहसा केंद्र होत नाहीत. केंद्रानंतर जी अक्षरे उरतात, म्हणजे इथे ‘डन’, त्यांना शेपूट म्हणतात. केंद्रावर सुरू झालेली चाल शेपटावर पुरी होते. ही दोन अक्षरे नीट ऐकली की पुढचे बरेचसे सोपे होते.

आता हेच वाक्य तीन तऱ्हांनी म्हणता येईल. पहिल्या तऱ्हेत ‘लं’ उंचावरून सुरू होतो, तिथल्या तिथे घसरतो आणि ‘डन’ तळाशी सपाट राहतो. हा उतार. तो लंडनला जातो आहे, विषय संपला. दुसऱ्या तऱ्हेत ‘लं’ खालच्या पट्टीत राहतो आणि ‘डन’ वर चढत जातो. हा चढ. आता ते वाक्य विचारणा झाले : तो लंडनला जातोय? तिसऱ्या तऱ्हेत ‘लं’वर आवाज खाली पडतो आणि ‘डन’वर थोडा वर उचलला जातो. हा उतार-चढ. त्याचा अर्थ साधारण असा, की लंडनला तर जातोय, पण पुढे कुठे ते माहीत नाही. किंवा, लंडनला जातोय खरा, पण तुम्ही समजता त्या कामासाठी नव्हे. तो ‘पण’ उच्चारलेला नाही. ऐकणाऱ्याने तो सुरातून काढायचा असतो.

केंद्र हलवले की विधान किंवा प्रश्न कशाबद्दल आहे ते बदलते. ‘ही’वर केंद्र ठेवून उतार दिला तर जाणारा तोच, दुसरा कुणी नव्हे. मराठीत हे काम ‘च’ करतो : तोच लंडनला जातोय. मराठीकडे च, ही, तर, ना, का, म्हणे, बरं अशा लहानसहान शब्दांचा मोठा साठा आहे. शंका, आग्रह, दुजोरा, ऐकीव माहिती हे सारे मराठी माणूस या शब्दांवर सोपवतो आणि वर सुराचीही जोड देतो. इंग्रजीत असे शब्द थोडे, म्हणून तिथे सुरावर जास्त भार पडतो. मराठी भाषकाच्या इंग्रजीत व्याकरण बिनचूक असूनही एखादे वाक्य कोरडे किंवा तुटक का ऐकू येते, याचे एक कारण इथे असावे.

विधानाला चढ दिला की प्रश्न होतो, हे खरे असले तरी असा प्रश्न आणि शब्दांची अदलाबदल करून विचारलेला प्रश्न एकाच कामाचे नसतात. डॉक्टरांकडे नवा रुग्ण आला आहे आणि त्याची माहिती भरून घ्यायची आहे. तिथे ‘डू यू स्मोक?’ असे विचारले जाते. होय किंवा नाही, दोन्ही उत्तरे सारखीच मोकळी आहेत. पण रुग्णाच्या बोटांवरचे पिवळे डाग पाहून डॉक्टरांनी चढत्या सुरात ‘यू स्मोक?’ म्हटले, तर त्यांना उत्तर दिसते आहे आणि ते फक्त दुजोरा मागताहेत. काहीच खूण नसताना कोऱ्या पाटीवर असा प्रश्न विचारला तर तो खटकतो. अमेरिकी भाषाभ्यासक क्रिस्टीन गनलॉगसन यांनी २००३ च्या पुस्तकात हाच मुद्दा मांडला. वाक्याची ठेवण विधानाची राहिल्याने त्या मजकुराकडे कल उरतोच. चढता सूर तेवढी त्याची जबाबदारी समोरच्यावर टाकतो. मुलाखतीत ‘यू आर मॅरिड?’ हा प्रश्न ‘आर यू मॅरिड?’पेक्षा जास्त आगाऊ वाटतो तो यामुळे.

शाळेत कधी कधी सांगतात, की प्रश्न आला की आवाज वर न्यावा. इंग्रजीपुरता हा सल्ला अर्धाच खरा आहे. होय-नाही उत्तराचे प्रश्न बहुधा चढतात. पण ‘व्हेअर’, ‘व्हेन’, ‘व्हाय’, ‘हू’ यांनी सुरू होणारे प्रश्न साध्या बोलण्यात उतरतात, कारण प्रश्न आहे हे पहिल्याच शब्दाने सांगून टाकलेले असते. ‘व्हेअर आर यू गोइंग?’ हा प्रश्न ‘गो’वर उतार देऊन विचारला की सरळ चौकशी होते. त्याला शेवटी हलका चढ दिला तर तो मऊ होतो. लहान मुलाला किंवा अनोळखी माणसाला असे विचारतात. मात्र केंद्र ‘व्हेअर’वर नेऊन तिथपासून चढ सुरू केला, तर अर्थच बदलतो : कुठे म्हणालात? पुन्हा सांगा. गावाचे नाव आधीच सांगितलेले आहे, ते एक तर ऐकू आले नाही किंवा विश्वास बसत नाही. कुणी पहिल्यांदाच भेटत असताना हा सूर लावला तर ऐकणारा गोंधळतो, कारण त्याने अजून काहीच सांगितलेले नसते.

पर्याय देणाऱ्या प्रश्नात तर सुरावरच सारे अवलंबून असते. ‘वुड यू लाइक टी ऑर कॉफी?’ यात ‘टी’ चढवून ‘कॉफी’ उतरवली, तर यजमानाकडे या दोनच गोष्टी आहेत आणि पाहुण्याने त्यांतली एक निवडायची आहे. ‘येस’ हे उत्तर इथे विनोदी ठरते. पण ‘टी’ आणि ‘कॉफी’ दोन्ही चढवल्या, तर यादी उघडी आहे. प्रश्न आहे तो काही घेणार का एवढाच. त्याला ‘येस, प्लीज’ म्हणता येते, किंवा ‘नो, जस्ट सम वॉटर’ असेही. मोजणी करताना, नावे वाचताना हीच रीत दिसते : मधली प्रत्येक गोष्ट चढती, शेवटची उतरती. शेवटचीही चढती राहिली तर ऐकणारा पुढच्या नावाची वाट पाहत राहतो.

वाक्याच्या शेवटी जोडले जाणारे ‘इझंट इट’, ‘डझंट ही’, ‘वेअरंट यू’ हे तुकडे दोन्ही सुरांत येतात आणि दोन वेगळी कामे करतात. ‘इट्स कोल्ड टुडे’ म्हणून पुढे ‘इझंट इट’ उतरत्या सुरात आले, तर बोलणाऱ्याला माहिती नको आहे. आज गारठा आहे हे दोघांनाही दिसते आहे, त्याला फक्त मान डोलावलेली हवी. तेच चढत्या सुरात आले तर खरी शंका आहे. न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी करणाऱ्या वकिलाला हा फरक चांगला ठाऊक असतो. ‘यू वेअर देअर दॅट नाइट, वेअरंट यू’ हे उतारावर संपवले की साक्षीदारावर होकाराचा दाब येतो. चढावर संपवले तर नकाराला वाट मोकळी मिळते.

या सगळ्यांत सर्वांत नाजूक सूर आहे उतार-चढाचा, आणि शंका खरी राहते ती तिथे. समजा एका लग्नाहून परतलेल्या पाहुण्याला जेवण कसे होते असे विचारले, आणि तो म्हणाला, ‘द राइस वॉज गुड.’ ‘राइस’वर साधा उतार असेल तर भाताची तारीफ झाली. पण ‘राइस’वर आवाज खाली पडला आणि वाक्य संपताना पुन्हा वर वळला, तर बाकीच्या पदार्थांबद्दल न बोललेलेच बरे, असा निरोप पोहोचतो. त्याने कुठल्याच पदार्थाला वाईट म्हटलेले नाही. उद्या कुणी जाब विचारला तर तो बेलाशक म्हणू शकतो, की मी तर भाताचे कौतुक केले. इंग्रज माणूस स्पष्ट बोलत नाही अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यातला मोठा भाग हाच आहे : तो बोललेला असतो, फक्त शब्दांत नाही.

ग्रेगरी वॉर्ड आणि जुलिया हर्शबर्ग या अमेरिकी अभ्यासकांनी १९८५ मध्ये या सुराची नीट फोड केली. त्यांच्या मते उतार-चढ लावणारा माणूस आपले उत्तर एका मोजपट्टीवर ठेवतो आणि मग त्या पट्टीबद्दल अनिश्चितता दाखवतो. हे उत्तर या प्रश्नाला पुरेसे आहे की नाही, किंवा मुळात हीच पट्टी लावायची की दुसरी, हे त्याला ठरवता येत नाही, किंवा ठरवायचे नसते. ‘डिड यू फिनिश द रिपोर्ट?’ या प्रश्नाला उतार-चढात ‘आय फिनिश्ड द फर्स्ट पार्ट’ हे उत्तर आले, तर पहिला भाग झाला यात शंका नाही. शंका आहे ती तेवढ्याला अहवाल झाला म्हणायचे का याबद्दल. पुढच्या कामात त्यांनी आणखी एक मजेची गोष्ट दाखवली. हाच आकार मोठ्या पल्ल्यात म्हटला, म्हणजे आवाज फार उंचावरून पडून पुन्हा उंच गेला, की अनिश्चितता जाऊन अविश्वास उरतो. आकार एकच, लहान झोक्यात ‘बहुधा’, मोठ्या झोक्यात ‘काय सांगता!’

उतार-चढ नकारावरही परिणाम करतो आणि इथे चूक महागात पडू शकते. ‘ही डझंट लेंड हिज बुक्स टु एनीबडी’ या वाक्यात ‘एनी’वर उतार असेल तर तो कुणालाच पुस्तके देत नाही. उतार-चढ असेल तर तो ऐऱ्यागैऱ्याला देत नाही, म्हणजे निवडक माणसांना देतो. पहिले ऐकून मागणारा परत फिरेल, दुसरे ऐकून विचारून पाहील. ‘ऑल द गेस्ट्स डिडंट कम’ या वाक्याचेही तसेच. सरळ उताराने ते कुणीच आले नाही असे ऐकू येऊ शकते; ‘ऑल’पासून उतार-चढ लावला की सगळे आले नाहीत, काही आले, असा अर्थ होतो. अर्थाचा इतका मोठा फरक केवळ सुरावर सोडणे धोक्याचे आहे, म्हणून कामकाजाच्या इंग्रजीत ‘नॉट ऑल द गेस्ट्स’ अशी रचना करणे शहाणपणाचे.

चढ म्हणजे प्रश्न आणि उतार म्हणजे निश्चिती हे नाते इंग्रजीपुरते नाही; जगातल्या खूप भाषांत ते दिसते. जॉन ओहाला यांनी १९८० च्या दशकात त्याचे एक उत्तर सुचवले. प्राण्यांत मोठ्या देहाचा आवाज जाड असतो, लहान देहाचा बारीक. गुरगुरणारा कुत्रा खालच्या पट्टीत जातो, शरण आलेला वरच्या पट्टीत केकाटतो. माणसाच्या बोलण्यातही उंच आवाज ‘मी लहान आहे, तुमच्यावर अवलंबून आहे’ असे सुचवतो, आणि विचारणारा उत्तरासाठी समोरच्यावर अवलंबूनच असतो. ही उपपत्ती आकर्षक आहे, पण तिने सारे सुटत नाही. जिथे प्रश्नाला उतार असतो अशा भाषाही आहेत.

भाषांमधला हा फरक माणसांच्या नात्यांत कसा उतरतो, याचे गाजलेले उदाहरण ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावरचे आहे. ते जॉन गम्पर्झ यांनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात दिले. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी स्त्रिया वाढण्याच्या कामावर नव्याने लागल्या होत्या. त्या घुम्या आहेत, सहकार्य करत नाहीत, अशी पर्यवेक्षकांची आणि तिथे जेवणाऱ्या मालवाहतूक कामगारांची तक्रार होती. या स्त्रियांनाही वाटत होते, की आपल्याला मुद्दाम कमी लेखले जाते. गंमत अशी, की वाढताना दोन्ही बाजूंत जेमतेम एक-दोन शब्दांची देवघेव होत होती. म्हणजे भांडायला वाव होताच कुठे?

बोलणे ध्वनिमुद्रित केल्यावर उत्तर सापडले. ताटात मटण घेतलेल्या माणसाला वर रस्सा हवा का हे विचारायचे असे. ब्रिटिश वाढपी स्त्री चढत्या सुरात एकच शब्द म्हणे : ‘ग्रेव्ही?’ भारतीय स्त्रीही तोच शब्द म्हणे, पण उतरत्या सुरात. ब्रिटिश कानाला तो प्रश्न वाटेना. ‘ही ग्रेव्ही आहे’ असे विधान वाटे. समोर ग्रेव्ही दिसत असताना ती ग्रेव्ही आहे हे सांगणे म्हणजे एक तर निरर्थक, नाही तर उद्धट. घ्यायची तर घ्या, असा भाव. दोन्ही मुद्रणे ऐकवल्यावर भारतीय स्त्रियांना प्रथम त्यात फरकच जाणवला नाही. त्यांच्या इंग्रजीच्या शिक्षिकेने आणि पर्यवेक्षिकेने तो समजावला, तेव्हा इतके दिवस लोक तोंड वाकडे का करत होते हे त्यांच्या ध्यानात आले. उलट बाजूने पर्यवेक्षकांनाही कळले, की अशा प्रसंगी उतरत्या सुरात विचारणे ही या स्त्रियांची नेहमीची रीत आहे आणि तिच्यात उर्मटपणा नाही.

या उदाहरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग शेवटी येतो. कुणी व्याकरण चुकवले किंवा शब्द चुकीचा वापरला तर ऐकणारा म्हणतो, याला भाषा येत नाही. सूर चुकला तर तो भाषेला दोष देत नाही, माणसाच्या स्वभावाला देतो. बोलणाऱ्याची भाषा जितकी अस्खलित तितकी ही पंचाईत जास्त, कारण सुराची सवलत मग कुणी देत नाही. ‘सॉरी’ उतरत्या सुरात म्हटले की माफी होते आणि चढत्या सुरात ‘पुन्हा सांगा’ असे होते. ऐकू न आल्यामुळे कुणी उतरत्या सुरात ‘सॉरी’ म्हटले, तर समोरचा पुन्हा काही सांगत नाही, कारण त्याला विचारलेच नाही असे वाटते.

मात्र वर दिलेली चित्रे सगळ्या इंग्रजीची नव्हेत. बेलफास्टमध्ये साधी विधानेही बहुतेक वेळा चढत्या सुरात संपतात. ग्लासगो, न्यूकासल, लिव्हरपूल या शहरांच्या बोलण्यातही असे चढ आढळतात. लंडनच्या माणसाला बेलफास्टचा रहिवासी सारखे विचारतोच आहे असे वाटते, तो तर माहिती देत असतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विधानाच्या शेवटी उंच चढ देण्याची लकब पसरली, अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या तरुण मुलींशी तिचे नाव जोडले गेले. जेम्स गॉर्मन या लेखकाने १९९३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये तिला ‘अपटॉक’ हे नाव दिले आणि ते रूढ झाले.

अपटॉकवर टीका पुष्कळ झाली. त्यामागचे कारण म्हणून तरुणांचा, विशेषतः मुलींचा, आत्मविश्वास कमी असल्याचे सांगितले गेले. रॉबिन लेकॉफ यांनी १९७५ मध्येच, उत्तर ठाऊक असूनही स्त्रिया ते प्रश्नाच्या सुरात देतात याकडे लक्ष वेधून, त्यामागे समाजाने शिकवलेली माघार पाहिली होती. पुढच्या निरीक्षणांनी चित्र गुंतागुंतीचे केले. सिंथिया मॅकलेमोर यांनी टेक्ससमधल्या एका विद्यार्थिनी संघटनेच्या बैठका तपासल्या, तेव्हा संघटनेच्या पुढारी मुली हा चढ सर्रास वापरताना आढळल्या. नवी सूचना आली, नीट ऐका, अजून संपलेले नाही, असे तो चढ सांगत होता. त्यात शंका नव्हती. म्हणजे चढ ऐकू आला की बोलणारा डळमळीत आहे, हा निष्कर्ष बोली आणि प्रसंग न पाहता काढणे चूक आहे.

स्वतःचा सूर तपासायचा असेल तर कानावर पूर्ण विसंबून चालत नाही, कारण आपल्या भाषेच्या सवयी ऐकण्यातही घुसतात. ग्रेव्हीचा फरक त्या स्त्रियांना ऐकू आला नाही तो यामुळेच. ॲमस्टरडॅम विद्यापीठातले पॉल बर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेले ‘प्रात’ नावाचे मोफत सॉफ्टवेअर आवाजाचा चढउतार रेषेने दाखवते. फोनवर मुद्रित केलेला आवाजही त्याला चालतो. एखाद्या वक्त्याचे वाक्य आणि आपले वाक्य एकाखाली एक ठेवले की केंद्र कुठे पडले आणि रेषा तिथून कुठे वळली हे दिसते.

ती रेषा वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. प, ट, क, स यांसारख्या व्यंजनांच्या वेळी स्वरतंतू थरथरत नाहीत, म्हणून तिथे रेषा तुटते. ते सुराचे टोक नसते, नुसती खंडित जागा असते. म्हणून सरावाला म, न, ल, र असे घोष आवाज भरपूर असलेली वाक्ये घ्यावीत. ‘लंडन’ या शब्दात प्रत्येक ध्वनी घोष असल्याने त्याची रेषा अखंड येते. दुसरी फसगत वाक्याच्या अगदी शेवटी होते. उतार तळाला पोहोचला की पुष्कळांचा आवाज घरघरीत होतो, कंपने अनियमित होतात आणि यंत्र एकदम दुप्पट किंवा निम्मा आकडा दाखवते. पडद्यावर रेषा अचानक उंच उडालेली दिसते, पण कानाला उतारच ऐकू येतो. अशा वेळी आकडा सोडून कानाचे ऐकावे, किंवा ‘प्रात’च्या मांडणीत आवाजाची वरची मर्यादा त्या माणसाच्या पट्टीला धरून खाली आणावी. पुरुषाच्या आवाजासाठी ती बहुधा तीनशे हर्ट्झच्या आसपास ठेवतात, स्त्रीसाठी पाचशेच्या.